टॅप होताना कार्डाला वीज कुठून मिळते?

कॉन्टॅक्टलेस कार्डात सेल नसतो. बँकेचे डेबिट कार्ड असो की मेट्रोचे, पाऊण मिलिमीटर जाडीच्या त्या प्लास्टिकमध्ये एक चिप आणि तिला जोडलेली धातूची बारीक कॉइल एवढेच असते. चिप मात्र साधी नाही. तिच्यात प्रोसेसर आहे, स्मृती आहे आणि गुप्तलेखनाची अवघड गणिते झटपट सोडवणारा वेगळा विभाग आहे. थोडक्यात, तो एक छोटा संगणकच असतो. कार्ड खिशात असताना हा संगणक पूर्ण बंद असतो. पीओएस मशीनजवळ नेले की तो काही मिलिसेकंदांत सुरू होतो, मशीनशी बोलतो, त्या व्यवहारापुरती एक सांकेतिक सही तयार करून देतो आणि कार्ड उचलताच पुन्हा बंद पडतो. या कामाला लागणारी सगळी वीज मशीनच पुरवते, तीही तारेवाचून.

कार्डातली कॉइल

कार्डावर दिसणारी सोनेरी पट्टी कार्ड मशीनमध्ये खुपसून व्यवहार करण्यासाठी असते. खुपसल्यावर मशीनच्या पिना त्या पट्टीला टेकतात आणि चिपला थेट वीज मिळते. टॅपसाठी दुसरा मार्ग आहे. प्लास्टिकच्या थरांच्या मध्ये, कार्डाच्या कडेकडेने, बारीक तांब्याच्या तारेचे तीन ते पाच वेढे बसवलेले असतात आणि त्यांची टोके त्याच चिपपर्यंत नेलेली असतात. वेढे कडेने घेण्याला कारण आहे. वेढ्यांनी वेढलेले क्षेत्रफळ जितके मोठे, तितकी जास्त वीज हाती लागते, आणि कार्डाच्या ठरलेल्या मापात सर्वांत मोठे क्षेत्रफळ कडेनेच मिळते.

मशीनमध्येही अशीच एक कॉइल असते, बहुधा पडद्याच्या मागे किंवा त्याच्या भोवती. दुकानदाराने रक्कम टाकून व्यवहार सुरू केला की मशीन या कॉइलमधून उलटसुलट होणारा प्रवाह सोडते. त्याची दिशा सेकंदाला १ कोटी ३५ लाख ६० हजार वेळा एक पूर्ण फेरा घेते. ही झाली १३.५६ मेगाहर्ट्झ वारंवारता. जगभरातली टॅपची कार्डे याच वारंवारतेवर चालतात आणि त्यांचे नियम आयएसओ १४४४३ या मानकात दिलेले आहेत.

या वारंवारतेच्या रेडिओलहरीची लांबी सुमारे २२ मीटर भरते. टॅपचे अंतर चार सेंटिमीटरच्या आतले. लहरीच्या लांबीच्या मानाने इतक्या जवळ मशीनच्या कॉइलभोवती जे असते त्याला दूर निघालेली लहर म्हणता येत नाही. ते कॉइलला चिकटून राहिलेले, तिच्यातल्या प्रवाहाबरोबर वाढणारे आणि ओसरणारे चुंबकीय क्षेत्र असते. म्हणून कार्ड रेडिओसारखे दूरचे प्रक्षेपण पकडत नाही. मशीनची कॉइल आणि कार्डाची कॉइल मिळून एक तात्पुरते रोहित्र तयार होते. विजेच्या खांबावरच्या रोहित्रात दोन गुंडाळ्या लोखंडी गाभ्याने जोडलेल्या असतात, इथे दोन्हींच्या मध्ये फक्त हवा आणि प्लास्टिक असते.

रोहित्रामागचे तत्त्व मायकेल फॅरडे यांनी १८३१ मध्ये दाखवून दिले. कॉइलमधून जाणारे चुंबकीय क्षेत्र बदलत असेल तर कॉइलच्या टोकांना विद्युतदाब निर्माण होतो. यालाच विद्युतचुंबकीय प्रवर्तन म्हणतात. इथे क्षेत्राच्या ताकदीइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, त्याच्या बदलाचा वेग महत्त्वाचा ठरतो. पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र भारतात साधारण ४० मायक्रोटेस्ला आहे. टॅपच्या वेळी कार्डाला किमान जे क्षेत्र मिळावे लागते ते दोन मायक्रोटेस्लाही नसते, म्हणजे पृथ्वीच्या क्षेत्राच्या सुमारे विसावा भाग. तरीही पृथ्वीच्या स्थिर क्षेत्रातून कार्डाला काहीच मिळत नाही आणि मशीनच्या दुबळ्या क्षेत्रातून चिप चालते, कारण ते क्षेत्र सेकंदाला सव्वा कोटीहून जास्त वेळा फिरते.

चार सेंटिमीटरचा हिशेब

किती वीज मिळते हे एका उदाहरणाने पाहता येते. आयएसओ मानकानुसार पूर्ण आकाराच्या कार्डाने १.५ ते ७.५ अँपिअर प्रति मीटर एवढ्या क्षेत्रात नीट चालले पाहिजे. एखाद्या मशीनच्या गोल कॉइलची त्रिज्या ३ सेंटिमीटर आहे आणि तिच्या मध्यावर क्षेत्र ७ अँपिअर प्रति मीटर आहे असे धरू. कॉइलच्या मध्यापासून सरळ वर जाताना क्षेत्र झपाट्याने घटते. ४ सेंटिमीटरवर ते मूळच्या साधारण २२ टक्के, म्हणजे जेमतेम १.५ अँपिअर प्रति मीटर उरते. १० सेंटिमीटरवर ते ०.१७ च्या घरात येते.

आता कार्डाची कॉइल ४ वेढ्यांची आणि प्रत्येक वेढ्याचे सरासरी क्षेत्रफळ ३० चौरस सेंटिमीटर धरू. क्षेत्र कार्डभर सारखे आहे असे मानून फॅरडेच्या नियमाने हिशेब केला, तर कॉइलमध्ये निर्माण होणारा विद्युतदाब असा येतो:

- मशीनला अगदी टेकून: सुमारे ९ व्होल्ट
- ४ सेंटिमीटरवर: सुमारे १.९ व्होल्ट
- १० सेंटिमीटरवर: सुमारे ०.२ व्होल्ट

प्रत्यक्षात क्षेत्र कार्डभर सारखे नसते, त्यामुळे हे आकडे ढोबळ आहेत. पण अंतराचा परिणाम त्यांतून स्पष्ट होतो. कॉइलच्या आकाराच्या मानाने अंतर मोठे झाले की क्षेत्र अंतराच्या घनाच्या प्रमाणात घटते. अंतर दुप्पट झाले तर क्षेत्र आठपट कमी होते. मशीनची ताकद थोडी वाढवून ही घट भरून निघत नाही. पैशांच्या व्यवहारासाठी ४ सेंटिमीटरची मर्यादा ठेवण्यामागे सुरक्षेचा विचार आहेच, पण तशी मर्यादा घालणे सोपे जाते ते या भौतिक नियमामुळे.

कार्ड कसे धरले आहे यालाही महत्त्व असते. मशीनशी समांतर धरलेल्या कार्डातून जास्तीत जास्त चुंबकीय रेषा जातात. कार्ड मशीनच्या मध्यावर काटकोनात उभे धरले तर रेषा वेढ्यांच्या आतून न जाता बाजूने निघून जातात आणि वीज जवळजवळ मिळतच नाही.

दाब वाढवणे, सरळ करणे, आवरणे

चार सेंटिमीटरवरचे १.९ व्होल्ट चिपला तसेच दिले तर पुरत नाहीत. म्हणून अनुनादाचा उपयोग केला जातो. चिपमध्ये कॉइलला समांतर एक छोटा कपॅसिटर असतो. कॉइल आणि कपॅसिटर यांच्या जोडीला स्वतःची अशी एक वारंवारता असते, आणि बाहेरून येणारी वारंवारता तिच्याशी जुळली की दोहोंमध्ये ऊर्जेची ये-जा वाढत जाते आणि कॉइलच्या टोकांवरचा दाब कित्येक पट होतो. उदाहरणार्थ, ६९ पिकोफॅरडचा कपॅसिटर आणि सुमारे २ मायक्रोहेन्रीची कॉइल यांची जोडी १३.५६ मेगाहर्ट्झच्या जवळ अनुनाद साधते. चिप वीज ओढू लागली की ही वाढ घटते, तरी दोनाचे पाच-सात व्होल्ट होण्याइतकी ती उरते. १० सेंटिमीटरवरच्या ०.२ व्होल्टला मात्र अनुनादही फारसा हात देऊ शकत नाही.

हा दाब सतत दिशा बदलणारा असतो, चिपला एकाच दिशेचा लागतो. चिपच्या दाराशीच बसवलेला रेक्टिफायर दोन्ही दिशांचा प्रवाह एका दिशेला वळवतो आणि पुढचा एक कपॅसिटर त्यातले चढउतार थोडे सपाट करतो.

यानंतरची अडचण उलट्या बाजूची आहे. कार्ड मशीनला टेकले की तीच कॉइल अनुनादामुळे चिप जळेल इतका दाब देऊ शकते. ग्राहक कार्ड किती अंतरावर आणि कसे धरेल हे चिपला आधी कळण्याचा मार्ग नाही. म्हणून चिपमध्ये दाबावर लक्ष ठेवणारे एक नियंत्रक मंडल असते. दाब ठरलेल्या मर्यादेवर गेला की ते जादा प्रवाहाला बाजूने वाट करून देते आणि ती ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाते. याचा अर्थ, मशीनला टेकलेले कार्ड आपल्याला मिळालेली बरीचशी वीज न वापरता फेकून देत असते. कमी क्षेत्रातही चालणारे आणि जादा क्षेत्रातही टिकणारे कार्ड करायचे तर ही उधळपट्टी अटळ आहे.

पुरेसा दाब जमेपर्यंत चिप स्वतःला रोखून धरते. अर्धवट दाबावर प्रोसेसर चालू झाला तर तो चुकीचे काम करील, म्हणून दाब सुरक्षित पातळीवर पोचल्यावरच चिप कामाला लागते. मानकानुसार स्थिर क्षेत्र मिळाल्यापासून ५ मिलिसेकंदांत कार्ड मशीनचा पहिला प्रश्न ऐकायला तयार असले पाहिजे.

त्याच क्षेत्रातून घड्याळ आणि संभाषण

संगणकाला विजेखेरीज ठोके देणारे घड्याळही लागते. मशीनशी बोलताना कार्ड हे ठोके क्षेत्रातूनच घेते. १३.५६ मेगाहर्ट्झचे फेरे मोजले की वेळ कळते. नेहमीच्या वेगाने एक बिट पाठवायला १२८ फेरे लागतात. त्यातून सेकंदाला सुमारे १ लाख ६ हजार बिट हा वेग येतो.

मशीनला कार्डाशी बोलायचे असते तेव्हा ते आपले क्षेत्र ठरावीक पद्धतीने कमीजास्त करते. मानकात त्याचे दोन प्रकार आहेत. ‘ए’ प्रकारात मशीन क्षेत्र दोन-तीन मायक्रोसेकंदांसाठी जवळजवळ पूर्ण बंद करते, आणि अशा खंडांच्या जागांवरून कार्ड शून्य आणि एक ओळखते. ‘बी’ प्रकारात क्षेत्र फक्त दहा टक्क्यांच्या आसपास कमी होते. ‘ए’ प्रकारातला खंड ओळखायला सोपा, पण त्या अवधीत वीजपुरवठा आणि घड्याळ दोन्ही थांबतात. तेवढा वेळ चिपला कपॅसिटरमधल्या साठ्यावर काढावा लागतो. चिपवरचे कपॅसिटर अगदी लहान असल्याने साठा काही मायक्रोसेकंदांपुरताच असतो. ‘बी’ प्रकारात वीज अखंड मिळते, पण बदल बारीक असल्याने तो ओळखणारे मंडल अधिक संवेदनशील लागते. बँकेची मशीन दोन्ही प्रकार आळीपाळीने वापरून समोर कोणते कार्ड आहे ते पाहतात.

कार्डाचे उत्तर याहून नवलाचे आहे, कारण कार्ड स्वतः काहीच प्रक्षेपित करत नाही. ते आपल्या कॉइलवरचा भार झटपट कमीजास्त करते. रोहित्रात एका गुंडाळीवरचा भार बदलला की दुसऱ्या गुंडाळीलाही तो जाणवतो. घरात मिक्सर सुरू झाला की दिवा किंचित मंद होतो, त्याच जातीचा हा परिणाम आहे. मशीनला आपल्या कॉइलवरच्या दाबात बारीक थरथर दिसते आणि तिच्यातून ते कार्डाचे शब्द वाचते. ही थरथर मशीनच्या स्वतःच्या सिग्नलच्या मानाने फारच क्षीण असते. म्हणून कार्ड भार बदलते तो सेकंदाला सुमारे ८ लाख ४७ हजार वेळा. त्यामुळे उत्तर १३.५६ मेगाहर्ट्झच्या दोन्ही बाजूंना, १२.७१ आणि १४.४१ मेगाहर्ट्झच्या आसपास उमटते आणि मशीनला आपल्या मोठ्या आवाजातून ते वेगळे काढता येते.

भार वाढवणे म्हणजे त्या क्षणी चिपला मिळणारी वीज दुसरीकडे वळवणे. बोलताना कार्ड आपलाच पुरवठा थोडा कमी करत असते, आणि चिपची रचना करताना याची तरतूद आधीच ठेवावी लागते.

वीज मध्येच गेली तर

चिपला साधारण काही मिलिअँपिअर प्रवाह लागतो. सरासरी १० मिलिवॅट आणि ०.४ सेकंद धरले तर एका टॅपची ऊर्जा ४ मिलिजूल होते. पण हा खर्च सारखा वाटलेला नसतो. मशीनचा संदेश ऐकताना चिपला फार कमी लागते. बँकेला पटेल अशी सांकेतिक सही तयार करताना गुप्तलेखनाचा विभाग पूर्ण जोराने चालतो आणि मागणी वाढते. कार्ड मर्यादेवरच्या अंतरावर असेल तर मशीनशी संवाद सुरू होतो आणि नेमका इथे येऊन तुटतो. ‘कार्ड ओळखले, पण व्यवहार झाला नाही’ या अनुभवाचे हे एक कारण असते. बऱ्याच चिप यावर उपाय म्हणून आतला कामाचा वेग कमी करतात आणि थोडक्या विजेत जास्त वेळ घेऊन गणित पुरे करतात. उत्तराला उशीर होणार असेल तर कार्ड मशीनकडे वाढीव वेळही मागू शकते. त्यासाठी मानकात वेगळा संदेश आहे.

स्मृतीत लिहिण्याचे काम सर्वांत नाजूक. मार्च २०१९ मध्ये देशात सुरू झालेल्या नॅशनल कॉमन मोबिलिटी कार्डाचे उदाहरण इथे उपयोगी पडते. मुंबई आणि पुण्याच्या मेट्रोतही ते चालते. या कार्डात प्रवासासाठीची शिल्लक चिपच्या स्मृतीतच ठेवता येते, म्हणजे फाटकाला प्रत्येक वेळी बँकेला विचारावे लागत नाही. त्यासाठी टॅप होत असतानाच चिपला जुनी शिल्लक पुसून नवी लिहावी लागते. वीज गेल्यावरही टिकणाऱ्या स्मृतीत लिहायला काही मिलिसेकंद लागतात, आणि त्यासाठी लागणारा दहा व्होल्टच्या वरचा दाब चिपला आपल्या तुटपुंज्या पुरवठ्यातून आतल्या आत तयार करावा लागतो. नेमक्या याच वेळी घाईतल्या प्रवाशाने कार्ड उचलले तर?

१२० रुपये शिल्लक असलेल्या कार्डातून २० रुपये वजा व्हायचे आहेत असे समजू. चिपने १२० च्या जागीच १०० लिहायला घेतले आणि मध्येच वीज गेली, तर तिथे ना १२० राहील ना १००, भलताच आकडा उरेल. म्हणून सुरक्षित चिप जुन्या आकड्याला हात लावत नाही. ती १०० हा आकडा दुसऱ्या जागी लिहिते, तो नीट उमटला का हे तपासते आणि शेवटी एक छोटी खूण बदलते. यापुढे दुसरी जागा खरी मानायची, असा त्या खुणेचा अर्थ. खूण बदलण्याआधी वीज गेली तर पुढच्या टॅपला चिप १२० दाखवते, नंतर गेली तर १००. मधली अवस्था उरतच नाही.

तरीही एक फट राहते. चिपने खूण बदलली, पण ‘झाले’ हे उत्तर फाटकाला पोचण्यापूर्वी कार्ड दूर गेले, तर पैसे कापले जातात आणि फाटक बंदच राहते. म्हणून अशा यंत्रणांमध्ये तुटलेल्या व्यवहाराची नोंद ठेवतात. तेच कार्ड पुन्हा टेकवले की मशीन शेवटच्या व्यवहाराची स्थिती विचारून तो पुरा करू शकते. ‘पुन्हा टॅप करा’ असे आले की तेच कार्ड त्याच फाटकावर टेकवायचे ते यासाठी.

टॅप का फसतो आणि ते कसे ओळखावे

कातडे, कापड, प्लास्टिक किंवा हात यांतून हे चुंबकीय क्षेत्र फारशी घट न होता जाते. अडचण होते ती धातूची. बदलत्या क्षेत्रामुळे धातूच्या पत्र्यात भोवऱ्यासारखे प्रवाह सुरू होतात आणि त्यांचे क्षेत्र मूळ क्षेत्राला विरोध करते. कार्डामागे स्टीलचा पत्रा किंवा चॉकलेटची चंदेरी वर्खी असली तरी वीज तुटते. मशीन धातूवर बसवायचे असेल किंवा कार्डच धातूचे असेल तर कॉइल आणि धातू यांच्यामध्ये फेराइटचा पातळ थर देतात. तो चुंबकीय रेषांना धातूपर्यंत न पोचू देता आपल्यातून वळवतो.

पाकिटातली दोन कार्डे एकत्र टेकवली तर दोन गोष्टी होतात. दोन्ही कॉइल एकमेकींच्या क्षेत्रात येऊन त्यांची अनुनादाची वारंवारता खाली सरकते आणि मिळणारी वीजही दोघींत वाटली जाते. हे लक्षात घेऊन अनेक कार्डांची मूळ वारंवारता १३.५६ पेक्षा थोडी वरच ठेवलेली असते. वीज पुरली तरी दोन्ही चिप उत्तर देतात, आणि दोन कार्डे दिसली की पैशांचे मशीन कोणतेही एक न निवडता एकच कार्ड दाखवायला सांगते.

कायमचा बिघाड बहुधा कॉइलमध्ये होतो. कार्ड मागच्या खिशात ठेवून वारंवार वाकले तर कॉइल आणि चिप यांचा सांधा तडकतो. गळ्यात अडकवण्यासाठी कार्डाला भोक पाडले तर तार तुटू शकते, आणि एक वेढा तुटला तरी सगळी कॉइल निकामी होते. हे ओळखणे सोपे आहे. कार्ड मशीनमध्ये खुपसून चालत असेल, पण कोणत्याच मशीनवर टॅप होत नसेल, तर चिप शाबूत आहे आणि कॉइल किंवा तिचा सांधा गेला आहे. दोन्ही प्रकारे चालत नसेल तर संशय चिपवर घ्यावा. एकाच दुकानात टॅप होत नसेल आणि इतरत्र होत असेल तर दोष त्या मशीनचा किंवा त्याच्या आसपासच्या धातूचा. एनएफसी असलेला मोबाइलही असेच क्षेत्र निर्माण करतो. एनएफसी चालू करून कार्ड मोबाइलच्या पाठीला टेकवले आणि मोबाइलने आवाज किंवा थरथर करून प्रतिसाद दिला, तर कार्डाला वीज मिळते आहे आणि चिप उत्तर देते आहे एवढे नक्की. खाते बंद आहे की टॅपची सोय बंद ठेवली आहे, हे मात्र त्यावरून कळत नाही. ते बँकेच्या ॲपमध्येच पाहावे लागते.